बंद पडलेल्या टाइल्सचा पत्ता: कस्टमर केअरला लिहिलेल्या दोन पत्रांचं प्रकरण

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका काकूंच्या बाथरूमची भिंत नोव्हेंबर 2022 मध्ये ओली राहायला लागली. बेसिनच्या वरच्या दोन टाइल्सच्या सांध्यातून पाणी पाझरायचं आणि मागच्या खोलीतल्या कपाटाच्या पाठीला बुरशी धरायची. मिस्त्रीने सांधा उकरून पाहिला. गिझरकडून येणाऱ्या गरम पाण्याच्या सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपच्या लाइनला जिथे पितळी आट्याचा जोड असतो, तिथेच चीर गेली होती. नळ बसवताना कोणीतरी पान्याने जास्त आवळला की हा जोड बऱ्याचदा लगेच फुटत नाही. तो काही वर्षांनी फुटतो.

जोड बदलायचा तर लाइन उघडी करायची, आणि लाइन उघडी करायची तर टाइल्स फोडायच्या. मी, मिस्त्री आणि काकू, तिघांनी मिळून खडूने खुणा केल्या. नऊ साध्या आणि दोन नक्षीच्या, म्हणजे दुकानाच्या भाषेत नऊ लाइट आणि दोन हायलायटर. पाहायला हिशोब सोपा होता. पण काकूंनी हे बाथरूम 2017 साली करून घेतलं होतं आणि ती मालिका कंपनीने मध्यंतरी बंद केली होती. त्यांच्या नेहमीच्या दुकानदाराने फोनवर एका वाक्यात विषय संपवला, "नाही जी, ते डिझाइन आता येऊन नाही राहिलं."

नागपुरात मी दुरुस्तीची लहान कामं घेते. त्याआधी सहा वर्षं एका टाइल्सच्या दुकानात काउंटर सांभाळायचे. कंपनीची, डीलरची आणि गिऱ्हाइकाची, अशा तिन्ही बाजू त्या सहा वर्षांत पाहिल्या आहेत, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही, आणि मालिकेचा क्रमांकही बदलून 4127 असा लिहिला आहे.

माझ्याकडे काम येण्याआधी काकूंच्या मुलाने पुण्याहून कंपनीच्या कस्टमर केअरला एक मेल टाकला होता. मेल इंग्रजीत होता. त्याचा मजकूर मराठीत असा:

"महोदय, आम्ही पाच वर्षांपूर्वी आपल्या कंपनीच्या टाइल्स नागपूरच्या घरी लावल्या होत्या. आता त्यातल्या काही फुटल्या आहेत. फोटो जोडला आहे. हे डिझाइन नागपुरात कोणत्या दुकानात मिळेल ते कृपया कळवावे. तातडीची गरज आहे."

दोन दिवसांत उत्तर आलं. आपण संपर्क केल्याबद्दल आभार, हे उत्पादन आता बंद आहे, लावलेल्या टाइल्सच्या तुटफुटीला कंपनी जबाबदार नाही, अधिक माहितीसाठी जवळच्या अधिकृत डीलरकडे जावे, आणि खाली डीलरांच्या यादीची लिंक. मुलाने लिंक उघडून नागपुरातल्या चार दुकानांना फोन केले. चौघांनीही नाही म्हटलं. त्यांच्याकडे नवीन माल होता. यादी आज माल उचलणाऱ्या डीलरांची असते आणि जुना माल आजच्या यादीत असेलच असं नाही.

त्याच्या पत्रात चूक अशी काही नव्हती. सभ्य होतं, नेमकं वाटावं इतकं लहान होतं. तरी ते फसलं, आणि फसण्याची दोन कारणं मला लगेच दिसली.

एक म्हणजे "फुटल्या आहेत" हा शब्द. कस्टमर केअरला बसलेली व्यक्ती दिवसभर येणारे मेल वेगवेगळ्या कप्प्यांत टाकत असते: तक्रार, डीलरची चौकशी, उत्पादनाची माहिती. "फुटल्या" वाचलं की मेल तक्रारीच्या कप्प्यात जातो आणि तिथे तयार असलेलं जबाबदारीचं वाक्य परत येतं. मुलाला भरपाई मुळीच नको होती, पण त्याच्या पत्रातून ते कळत नव्हतं.

दुसरं कारण जास्त खोल आहे. त्याने कंपनीला असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर कंपनीकडे नसतं. कोणत्या दुकानाच्या गोडाऊनमध्ये आज किती पेट्या उभ्या आहेत, हे कंपनीला दिसत नाही. तिला दिसतं ते बिल: कोणत्या महिन्यात, कोणत्या कोडचा, किती माल, कोणत्या डीलरच्या नावावर निघाला. माल एकदा ट्रकमधून उतरला की तो विकला, पडून राहिला, फुटला की दुसऱ्या दुकानदाराला दिला, हे डीलरच्या वहीत असतं. आमच्या दुकानात दरवर्षी मार्चमध्ये आम्ही गोडाऊन मोजायचो तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेल्या दोन-दोन, तीन-तीन पेट्या निघायच्या. त्याला आम्ही डेड स्टॉक म्हणायचो. कोणीतरी बाथरूमला दहा पेट्या मागवलेल्या, सात लागलेल्या, तीन परत आलेल्या. त्या पेट्यांची खबर कंपनीला कधीच गेली नाही. आणि दुरुस्तीवाल्याला नेमक्या त्याच पेट्या हव्या असतात.

म्हणजे "आज कोणाकडे आहे" असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही. "शेवटी कोणाला दिलं होतं" हे मात्र कंपनी सांगू शकते. तिथून पुढचं फोनाफोनीचं काम आपलं.

दुसरं पत्र लिहायच्या आधी मी काकूंना विचारलं, उरलेल्या टाइल्स कुठे ठेवल्यात का. आधी त्या नाही म्हणाल्या. मग जिन्याखालचा पसारा काढला तेव्हा कुंड्यांच्या मागे एक अर्धी पेटी मिळाली. पुठ्ठा एका बाजूने उधईने खाल्ला होता, पण लेबल शाबूत होतं. आत तीन लाइट टाइल्स होत्या, तिन्ही साबूत.

सगळी माहिती त्या लेबलवर होती. मालिका आणि छटा: 4127 एल. एल म्हणजे लाइट. हायलायटरला एचएल लिहितात आणि गडद रंगाला डी. माप 300 बाय 450 मिलीमीटर, ज्याला दुकानात सगळे बारा-अठरा म्हणतात. पेटीत सहा नग, म्हणजे 0.81 चौरस मीटर. प्रतवारी. त्याखाली शाईच्या शिक्क्याने बॅच आणि शेडचा क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, किंमत, आणि कस्टमर केअरचा फोन व ईमेल. हा संपर्क पाकिटावर छापणं 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनी बंधनकारक आहे, त्यामुळे जुन्या पेटीवरही तो असतोच. पत्र कुठे पाठवायचं हे वेगळं शोधावं लागत नाही.

पेटी नसेल तर? मग फोडलेल्या टाइलची पाठ पाहायची. पाठीवर उंचवट्याची जाळी असते आणि तिच्यात बऱ्याचदा कंपनीचं किंवा कारखान्याचं चिन्ह उमटलेलं असतं. मात्र पाठीवर डिझाइनचा क्रमांक सहसा नसतो. बऱ्याच कंपन्या गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांकडून माल करून घेतात, त्यामुळे पाठीवरचं चिन्ह एकाचं आणि पेटीवरचं नाव दुसऱ्याचं असंही होतं. म्हणून मी दोन्हींचे फोटो काढते. समोरून काढलेला फोटो सगळ्यात कमी उपयोगाचा. बदामी रंगाच्या, फिकट शिरांच्या टाइल्स प्रत्येक कंपनीने शेकड्यांनी काढल्या आहेत आणि ट्यूबलाइटच्या उजेडात त्या सगळ्या बहिणी दिसतात.

मग हिशोब केला. लागणार नऊ लाइट, हातात तीन, म्हणजे सहा कमी. हायलायटर दोन. कापताना आणि नळाचं भोक पाडताना एखादी जाणारच, म्हणून पत्रात आठ लाइट आणि तीन हायलायटर लिहिले. आकडा लिहिणं गरजेचं आहे. "काही टाइल्स" वाचून डीलर उठत नाही. आठ नग म्हटलं की त्याला कोपऱ्यातल्या दोन पेट्या आठवतात.

पत्र इंग्रजीतच गेलं, कारण तिकडे वाचणारी व्यक्ती कोणत्या राज्यात बसली आहे ते माहीत नव्हतं. मराठीत त्याचा मजकूर हा:

"विषय: बंद झालेली मालिका 4127 (भिंतीच्या टाइल्स, 300 × 450 मिमी): नागपूर परिसरात शेवटचा पुरवठा झालेल्या डीलरांची माहिती मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

ही तक्रार नाही. भरपाई किंवा बदली मागत नाही. पाण्याची लाइन दुरुस्त करण्यासाठी नागपूर येथील एका घरात आपल्या 4127 मालिकेच्या काही टाइल्स काढाव्या लागत आहेत. मालिका बंद झाल्याची आम्हाला कल्पना आहे.

हवा असलेला माल: 4127 एल, 8 नग, 4127 एचएल, 3 नग. पेटीच्या लेबलचा, टाइलच्या पाठीचा आणि दिवसाउजेडी काढलेला पुढचा, असे तीन फोटो जोडले आहेत. बॅच, शेड आणि उत्पादनाचा महिना लेबलवर वाचता येतो.

आज कोणत्या दुकानात हा माल शिल्लक आहे हे आपल्याला कळणं अवघड आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून आमचे प्रश्न एवढेच आहेत:

पहिला, मालिका बंद होण्याआधीच्या शेवटच्या दोन वर्षांत 4127 एल किंवा एचएलचं बिल नागपूर शहर, कामठी, हिंगणा, उमरेड, वर्धा किंवा भंडारा येथील कोणत्या डीलरांच्या नावे झालं?

दुसरा, आपल्या कोणत्याही डेपोत किंवा शोरूममध्ये या मालिकेच्या सुट्या पेट्या वा नमुन्याचे नग शिल्लक आहेत का?

तिसरा, हीच छपाई नंतर दुसऱ्या क्रमांकाने किंवा दुसऱ्या नावाने निघाली होती का?

डीलरांची नावं देणं आपल्या नियमात बसत नसेल, तर कृपया हे पत्र नागपूरच्या विक्री अधिकाऱ्याकडे पाठवावं. त्यांनी किंवा डीलरांनी मला थेट फोन करण्यास माझी संमती आहे. माझा क्रमांक खाली दिला आहे. सकाळी 10 ते संध्याकाळी 6 या वेळात मी फोन उचलते.

माल मी स्वतः येऊन, पाहून, रोख बिलाने घेईन. पोहोच करण्याची गरज नाही."

या पत्रातल्या काही ओळी साध्या दिसतात, पण त्या जागेवर का आहेत ते सांगते. "ही तक्रार नाही" हे पहिलंच वाक्य ठेवलं, कारण वाचणारा मेलचा कप्पा पहिल्या दोन ओळींतच ठरवतो. गावांची नावं लिहिली, कारण "जवळपास" या शब्दाला कंपनीच्या संगणकात काही अर्थ नाही. तिथे डीलर शहराच्या किंवा पिनकोडच्या नावाखाली असतो. नागपूर लिहिलं की उमरेडचा माणूस यादीत येत नाही, मग तो तासाभराच्या अंतरावर का असेना. अमरावती मी मुद्दाम लिहिलं नाही. दीडशे किलोमीटरवरून अकरा टाइल्स आणायच्या तर त्या खर्चात काकूंची अर्धी भिंत नवीन झाली असती.

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. टाइल्सच्या कंपन्या चाललेलं डिझाइन पूर्ण सोडत नाहीत. कधी माप बदलून, कधी चकाकी काढून मॅट करून तेच पुन्हा आणतात. या वेळी त्याचं उत्तर नाही असं आलं. पण हो आलं असतं तर शोध तिथेच संपला असता.

आणि संमतीचं वाक्य. माझ्या मते अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात कामाचं होतं.

मेल पाठवल्यावर लगेच आपोआप येणारा तक्रार क्रमांक आला. मी तो वहीत लिहून ठेवला. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मी त्याच मेलला उत्तर म्हणून एक ओळ लिहिली, नवीन मेल केला नाही. नवीन मेल केला की नवीन क्रमांक पडतो, नवीन माणूस उघडतो आणि फोटो, हिशोब, सगळं पहिल्यापासून सुरू होतं. त्याच दिवशी दुपारी एका मुलीचा फोन आला. डीलरांच्या खरेदीची माहिती आम्ही बाहेर देऊ शकत नाही मॅडम, असं ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं. कोणत्या डीलरने किती माल उचलला ही त्याच्या धंद्यातली गोष्ट आहे. मग ती पुढे म्हणाली, "पण तुम्ही लिहिलंय की अधिकाऱ्यांना नंबर दिला तर चालेल. तो पाठवू ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या नागपूर भागाच्या विक्री अधिकाऱ्याचा फोन. तरुण मुलगा होता, गाडी चालवत होता बहुतेक, मागे हॉर्न वाजत होते. त्याने गाडी बाजूला घेतली आणि लॅपटॉप उघडून पाहिलं. शेवटच्या दोन वर्षांत ही मालिका तिघांनी उचलली होती. एक दुकान बंद झालेलं. एक कामठी रोडवरचं. एक उमरेडचं. यांतली दोन्ही चालू दुकानं संकेतस्थळावरच्या यादीत नव्हती, कारण कामठी रोडवाल्याने दुसऱ्या कंपनीचा माल सुरू केला होता आणि उमरेडवाला वर्षभर नवीन ऑर्डरच देत नव्हता. डेपोत काही नाही, हेही त्याने सांगितलं. त्याने दोघांना स्वतः फोन करून माझं नाव कळवलं. ते त्याच्या कामात बसत नव्हतं, तरी केलं.

दुकानदाराला फोन करताना "4127 आहे का" असं विचारून भागत नाही. काउंटरवरचा मुलगा संगणकात पाहतो, तिथे शून्य दिसतं आणि तो नाही म्हणतो. डेड स्टॉक कित्येकदा संगणकातून कधीच काढून टाकलेला असतो. मी मालकाशी बोलायला मागते आणि म्हणते, गोडाऊनमध्ये कोणाला तरी पाठवून बारा-अठराच्या जुन्या पेट्यांची लेबलं पाहता का, मी संध्याकाळी पुन्हा फोन करते. तेवढा वेळ दिला तर माणसं खरंच पाहतात. उमरेडचे मालक वयस्क होते. संध्याकाळी म्हणाले, "पोरी, तुझ्या नशिबाने एक पेटी भरलेली हाय. अन् ते फुलवाले पाच नग सुटे हायेत. फोटो पाठवतो नातवाकडून." कामठी रोडवर लाइटच्या चार पेट्या निघाल्या, हायलायटर एकही नाही.

इथे एक पेच आला. कामठी रोडच्या पेट्यांवर शेडचा क्रमांक काकूंच्या पेटीवरच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळत होता. उमरेडच्या पेटीवर वेगळा होता. कामठी रोड त्रिमूर्तीनगरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, उमरेडला जाऊन-येऊन अर्धा दिवस. कागदावर पाहता निर्णय झालाच होता.

पण शेडचा क्रमांक एकटा वाचायचा नसतो, बॅचसोबत वाचायचा असतो. टाइल भट्टीतून निघते तेव्हा तीच माती, तीच छपाई असूनही माल किंचित उजळ-गडद येतो. निघालेला माल वेगवेगळ्या छटांत लावून त्यावर क्रमांक टाकतात. एका बॅचच्या आत तो क्रमांक पक्का. वर्षभराने निघालेल्या दुसऱ्या बॅचमध्ये तोच क्रमांक आला म्हणून रंग तोच असेल यावर मी भिंत सोडत नाही. कामठी रोडचा माल काकूंच्या पेटीपेक्षा चौदा महिने नंतरचा होता. उमरेडचा एकाच महिन्याच्या फरकाचा.

म्हणून जिन्याखालची एक टाइल फडक्यात गुंडाळून मी आधी कामठी रोडला गेले. दुकानाच्या आत ठेवून पाहिल्या तर काहीच फरक नाही. दोन्ही टाइल्स उचलून बाहेर फुटपाथवर आणल्या, भिंतीला टेकवून उभ्या केल्या आणि सहा-सात पावलं मागे आले. टाइल आडवी ठेवून वरून पाहण्यात अर्थ नाही. ती भिंतीवर उभी लागणार असते आणि उजेड तिच्यावर बाजूने पडणार असतो. उन्हात दिसलं: त्यांची टाइल पिवळसर, साय धरलेल्या दुधासारखी. आमची थोडी राखाडीकडे झुकलेली. एकेकटी पाहिली तर कोणीही चांगलीच म्हणेल, पण शेजारी लावली तर ठिगळ दिसलं असतं. मापातही एक मिलीमीटरचा फरक निघाला. एका टाइलला एक मिलीमीटर म्हणजे काहीच नाही, पण चार टाइल्सच्या ओळीत सांधा जिथे यायला हवा तिथे येत नाही आणि डोळा नेमका तिथेच अडकतो.

तरी त्यांच्याकडून मी दोन नग मागितले. दुकानदाराने पेटी फोडून दिले, मोजून पैसे घेतले.

उमरेडला दुसऱ्या दिवशी गेले. त्या आजोबांनी पेटी गोडाऊनच्या दाराशी आणून ठेवली होती. उन्हात उभी करून पाहिली, जुळली. मग प्रत्येक टाइल हातात धरून नाण्याने हलकी वाजवली. साबूत टाइल खणखणते, आतून चीर गेलेली बद्द वाजते. सहाही खणखणल्या. हायलायटरच्या पाच नगांपैकी एक बद्द वाजली, ती बाजूला ठेवली. भिंतीची टाइल सच्छिद्र असते, वर्षानुवर्षं दमट गोडाऊनमध्ये राहिली की पाणी ओढून किंचित फुगते आणि वरच्या काचेच्या थराला केसाएवढ्या रेघा पडतात. त्या नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. मी पेनातली निळी शाई कोपऱ्यावर चोळून ओल्या फडक्याने पुसली. शाई पूर्ण निघाली. रेघा असत्या तर निळी जाळी मागे राहिली असती.

पैशांचं बोलणं निघालं तेव्हा आजोबांचा नातू म्हणाला, बंद झालेला माल आहे, आता रेट वेगळा लागेल. मी पेटीवरची छापील किंमत दाखवली. माल जुना असो की दुर्मिळ, छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि वर चढ्या किमतीचं स्टिकरही लावता येत नाही. आजोबांनीच त्याला गप्प केलं आणि छापील किमतीपेक्षा कमीच लावून बिल दिलं. पाच वर्षं जागा अडवून बसलेली पेटी जात होती, त्याचंच त्यांना समाधान होतं.

आता हातात होत्या घरच्या तीन आणि उमरेडच्या सहा, म्हणजे बरोबर नऊ लाइट, चार हायलायटर, आणि कामठी रोडच्या दोन पिवळसर. जुळणाऱ्या लाइटमध्ये एकही नग जादा नव्हता.

भिंत फोडण्याआधी मिस्त्रीला सांगितलं की ग्राइंडरने आधी चारी बाजूंचा सांधा कापून घे, मगच छिन्नी लाव. नाहीतर शेजारची चांगली टाइल कोपऱ्यात उडते आणि नऊच्या अकरा होतात. त्याने तसंच केलं, शेजारची एकही गेली नाही. जोड बदलला, लाइनला पाण्याचा दाब देऊन पाहिलं, दोन दिवस भिंत उघडी ठेवून सुकू दिली. नवीन टाइल्स आदल्या रात्री पाण्यात भिजवल्या, कारण कोरडी टाइल सिमेंटमधलं पाणी शोषून घेते आणि पुढे पोकळ वाजायला लागते.

नळाचं भोक पाडताना एक टाइल गेलीच. भोक कडेपासून फार जवळ येत होतं, अर्ध्यातून चीर सरळ टोकापर्यंत गेली. मिस्त्री टाइलकडे पाहत बसला, मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, ते पिवळी आणली न तुम्ही?"

तीच तर त्यासाठी आणली होती. बेसिनच्या खाली जो चिनी मातीचा खांब असतो, त्याच्या मागची टाइल काढलेल्या नऊंमध्ये होती. तिथे पिवळसर टाइल लावली आणि जुळणारी एक वर नळासाठी मोकळी झाली. दुसरं भोक मिस्त्रीने आधी छोट्या बिटने, मागून पाण्याची धार सोडत, सावकाश पाडलं. ती टिकली. खांब जागेवर बसल्यावर पिवळसर टाइलची बोटभर पट्टी तेवढी दिसते, तीही वाकून पाहिलं तर.

काम संपल्यावर मी तक्रार क्रमांकाच्या त्याच मेलला शेवटचं उत्तर लिहिलं: माल मिळाला, आभार, विक्री अधिकाऱ्यांना विशेष धन्यवाद. आणि खाली दोन ओळी: "कामठी रोडच्या दुकानात 4127 एलच्या तीन पूर्ण आणि एक फोडलेली पेटी अजून शिल्लक आहे, फोटो जोडला आहे, बॅच आणि शेड वाचता येतात. उमरेडला एचएलचा एक तडकलेला नग सोडून काही उरलेलं नाही. पुढे कोणी विचारलं तर कृपया सांगावं."

फेब्रुवारीत त्या विक्री अधिकाऱ्याचा पुन्हा फोन आला. बेसा भागातल्या एका घराला 4127 लाइट हवी होती आणि त्यांची बॅच नंतरची होती. कामठी रोडच्या पेट्यांवरचा महिना मी नक्की वाचला होता ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी वही उघडून त्याला महिना सांगितला.